चिकणमातीतला खड्डा आणि गाडीचं बॉनेट

1722च्या सुमारास हॉलंडमध्ये ग्राव्हेसांडे या शास्त्रज्ञाने पितळेचे गोळे मऊ चिकणमातीवर टाकून पाहिले. गोळा दुप्पट वेगाने आदळला की खड्डा दुप्पट नव्हे, चौपट खोल व्हायचा. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: ½mv².

आता मातीच्या जागी गाडीचं बॉनेट घ्या. ताशी 50 किलोमीटरने भिंतीवर आदळलेली गाडी समजा 60 सेंटिमीटर चेपून थांबली. पट्टा बांधलेल्या 60 किलोच्या माणसाची साधारण 5,800 जूल ऊर्जा तेवढ्याच अंतरात जिरवावी लागते. ऊर्जेला अंतराने भागलं की सरासरी बल निघतं, सुमारे 9,600 न्यूटन. म्हणजे छातीवर जवळजवळ एक टन भार!

वेग 100 केला की ऊर्जा चौपट, 23,000 जूलच्या पुढे. मातीला चौपट खोल जाता आलं. बॉनेटला 240 सेंटिमीटर चेपायला जागाच नसते. अंतर तेवढंच राहिलं तर भार चार टनांवर जातो. प्रत्यक्षात मात्र बॉनेट संपतं आणि उरलेली ऊर्जा माणसं बसतात ती केबिन चेपू लागते.