दादीच्या पाटल्यांची गोष्ट कुठे गेली?

आमच्या पुतणीला अकरावीत इंग्रजीचा एक प्रकल्प लिहायचा होता. विषय होता, ‘माझ्या कुटुंबातील स्थलांतर’. रत्नागिरीच्या मुलीला या विषयासाठी पुस्तक उघडावे लागत नाही. रोज मगरिबनंतर ती आमच्या अम्मीजवळ, म्हणजे तिच्या दादीजवळ, वही घेऊन बसायची. अब्बा कुवेतला कसे गेले, ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजा शिरल्यावर एका बॅगेनिशी कसे परतले, मग पोरांच्या फीसाठी अम्मीने सोन्याच्या पाटल्या गहाण कशा टाकल्या आणि त्या कधी सुटल्याच नाहीत, हे सगळे तिने लिहून काढले. अब्बांच्या शेवटच्या आजाराचेही लिहिले.

सरांना तिचे इंग्रजी जरा जास्तच सफाईदार वाटले. त्यांनी तो मजकूर एका फुकट संकेतस्थळावर टाकला. लेख माणसाने लिहिला की यंत्राने, हे टक्क्यांत सांगणारी अशी संकेतस्थळे आता बरीच झाली आहेत. उत्तर आले, ८२ टक्के यंत्राचे. सरांनी त्या पानाचे छायाचित्र वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. खाली लिहिले, ‘असे प्रकल्प स्वीकारले जाणार नाहीत.’ त्या छायाचित्रात वर मुलीचे नाव आणि हजेरी क्रमांक होता, खाली निबंधाचे पहिले दोन परिच्छेद होते आणि त्यांतच पाटल्या होत्या.

मुलगी रडली ती ८२ टक्क्यांसाठी. अम्मीचे दुःख वेगळे होते. ती एवढेच म्हणाली, “मी ही गोष्ट तुला सांगितली होती बेटा, सगळ्या गावाला नाही.”

दुसऱ्या दिवशी आम्ही सरांना भेटलो. माणूस वाईट नाही. दोन तुकड्यांचे प्रकल्प तपासायचे, निम्मी पोरे मोबाइलवरून उतरवतात, वरून निकालाचा तगादा. त्यांचे म्हणणे साधे होते, “मी फक्त तपासले, कुणाला दिले नाही.” तपासणे आणि देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असे आम्हीही तोवर समजत होतो. म्हणून ही तपासणी नेमकी होते कशी, ते आम्ही नीट समजून घेतले.

अशा संकेतस्थळावर मजकूर चिकटवून बटण दाबले की तो आपल्या संगणकात राहून तपासला जात नाही. तो त्या कंपनीच्या संगणकावर जातो, आणि तो संगणक कोणत्या देशात आहे हे आपल्याला बहुतेक वेळा कळतही नाही. तिथे मजकुराचे तुकडे करून ते इतर मजकुराशी ताडले जातात किंवा वाक्यांची धाटणी मोजली जाते. निकाल परत येतो. मजकूर मात्र तिथून पुसला जातोच असे नाही. काही ठिकाणी तो पुढच्या तपासण्यांसाठी साठ्यात ठेवतात, काही ठिकाणी सेवा सुधारण्यासाठी वापरण्याचा हक्क अटींमध्येच लिहून घेतलेला असतो. त्या अटी ‘मान्य’ करणारे सर असतात. ज्या मुलीचा निबंध आहे तिला ते पान दिसलेलेही नसते.

सबंध फाइल चढवली तर आणखी एक गोष्ट नकळत जाते. वर्डच्या फाइलमध्ये लिहिणाऱ्याचे नाव, फाइल केव्हा बनली आणि कधी कधी बाजूला केलेले शेरेही दडलेले असतात. पहिल्या पानावरचे नाव खोडले तरी आतले राहते. ते काढायचे असेल तर वर्डमध्ये File, मग Info, मग Check for Issues आणि Inspect Document अशा क्रमाने जावे लागते. फाइलचे नावही बदलावे. बहुतेक मुले फाइलला आपले नाव आणि हजेरी क्रमांकच देतात.

मजकूर साठवला जातो हे कळायची एक खूण आहे आणि ती आमच्या मोहल्ल्यातल्याच एका एम. ए. करणाऱ्या मुलाने अनुभवली. त्याच्या प्रबंधिकेचा कच्चा मसुदा मार्गदर्शकांनी एका सेवेवर तपासला, साम्य अगदी थोडे निघाले. दोन महिन्यांनी पक्का मसुदा दुसऱ्या कुणी तपासला तर साम्य ९० टक्क्यांच्या वर. मुलगा घाबरला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते, त्यापुढे सुधारणेपासून नोंदणी रद्द होण्यापर्यंत पायऱ्या आहेत. अहवाल उघडल्यावर कळले की मूळ स्रोत म्हणून ‘विद्यार्थ्याचा लेख’ दाखवला होता आणि तो विद्यार्थी तो स्वतःच होता. त्याची त्यालाच चोरी लागली होती. टर्निटिनसारख्या मोठ्या सेवेत शिक्षकाला आधीच ‘no repository’ हा पर्याय निवडता येतो, म्हणजे तपासणी होते पण प्रत साठत नाही. तो निवडला नाही तर प्रत राहते, आणि ती काढायची विनंती विद्यार्थ्याला थेट करता येत नाही, ती संस्थेकडूनच जावी लागते.

हे भांडण जुने आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात एका विद्यार्थ्याने आपले लेख या सेवेवर चढवायला नकार दिला, त्याला शून्य मिळाले. २००४ मध्ये विद्यापीठाला माघार घेऊन ते लेख हातानेच तपासावे लागले. अमेरिकेतल्या चार शाळकरी मुलांचा खटला याहून बोलका आहे. व्हर्जिनिया आणि ॲरिझोनातल्या त्या मुलांच्या शाळांनी सांगितले होते की निबंध टर्निटिनवर चढवा, नाहीतर गुण नाहीत. मुलांनी निबंधावर लिहूनच दिले की आमचा मजकूर साठवायला आमची हरकत आहे, आणि मग चढवला. साठवण झालीच. २००७ मध्ये ती कोर्टात गेली आणि हरली. खालच्या कोर्टाने म्हटले, ‘मान्य आहे’ हे बटण तुम्ही दाबले म्हणजे करार झाला, शाळेने भाग पाडले ही सबब चालणार नाही. एप्रिल २००९ मध्ये अपील कोर्टाने बटणाचा प्रश्न बाजूला ठेवला आणि चोरी पकडण्यासाठी प्रत ठेवणे हा लेखाचा वाजवी वापर आहे, असे ठरवले.

आम्हाला या निकालात दोन गोष्टी टोचतात. एक, शून्याच्या धाकाने दाबलेल्या बटणाला संमती म्हणणे. दुसरी, तो खटला लेखनाच्या मालकीचा होता, खासगीपणाचा नव्हता. लेख कुणाच्या मालकीचा हे कोर्टाने तपासले. लेखात कुणाच्या घरातले काय आहे, हा प्रश्न तिथे आलाच नाही.

आपल्याकडे तो प्रश्न आता कायद्यात आला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या दीड वर्षाने, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायच्या आहेत. त्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि कलम ९ प्रमाणे त्याची माहिती हाताळण्याआधी आई-वडिलांची किंवा पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती आणि समजून दिलेली असावी, असे कायदा सांगतो. प्रवेश अर्जाच्या तळाशी घेतलेली एक सही यात बसते का, हे ज्याचे त्याने पाहावे. हाताने लिहिलेली वही या कायद्यात येत नाही. पण सरांनी तिचा मोबाइलवर फोटो काढून मजकूर चढवला की ती येते, कारण कागदावरून नंतर डिजिटल केलेली माहितीही कायद्याने धरली आहे.

शाळा-महाविद्यालयांना नियमांत सवलत आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. शिक्षणासाठी आणि सुरक्षेसाठी मुलांवर लक्ष ठेवण्यापुरती त्यांना पालकांच्या संमतीतून सूट मिळाली आहे. पण हजेरी ठेवणे, प्रगती पाहणे वेगळे आणि मुलीचा निबंध नावासकट परक्या कंपनीच्या हवाली करणे वेगळे. ही सूट तिथवर ताणता येईल असे आम्हाला वाटत नाही. ते बहुधा एखादे प्रकरण उभे राहिल्यावरच ठरेल.

आणि अम्मीचे काय? पुतणीच्या वतीने तिच्या बापाने सही केली असती, तरी पाटल्यांची गोष्ट अम्मीची होती. निबंध एकाचा असतो, त्यातली माणसे अनेक असतात. कुणाचा आजार, कुणाचे कर्ज, कुणाचा मोडलेला संसार मुले मोकळेपणाने लिहितात, कारण वाचणारे फक्त सर आहेत असे त्यांना वाटते.

८२ टक्क्यांचे म्हणाल तर त्याचा निकाल दहा मिनिटांत लागला. सरांनी मुलीला समोर बसवून निबंधातले प्रश्न विचारले, तिने वहीतली दादीची टिपणे दाखवली आणि संपले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे ९१ निबंध अशा सात यंत्रांना दिले होते. सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध यंत्रांनी खोटे ठरवले, कारण मोजक्या शब्दांतली सरळ वाक्ये त्यांना यंत्राची वाटतात. मराठी आणि उर्दू शाळांतून आलेली आपली मुले नेमकी तशीच वाक्ये लिहितात.

सरांनी छायाचित्र गटावरून काढले. तोवर ते किती मोबाइलांत उतरले असेल, देव जाणे. संकेतस्थळाला मजकूर पुसण्याची विनंती त्यांनी आमच्यासमोरच पाठवली. त्यासाठी पत्ता नव्हता, फक्त एक रकाना होता. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. आता ते नाव काढून, शंका असलेला एखादाच परिच्छेद तपासतात आणि तोही घरगुती तपशिलाचा नसेल तरच. आकडा कुणालाही दाखवत नाहीत, आधी मुलाला बोलावून विचारतात. पुढच्या सत्रापासून वर्गात आधी सांगणार आहेत की कोणत्या सेवेवर काय जाईल, तिथे साठेल की नाही, आणि ज्याला नको असेल त्याची तोंडी परीक्षा घेऊ.

पुतणीला प्रकल्प पुन्हा नीट लिहून द्यायचा होता. पाटल्यांचा परिच्छेद काढू का, असे तिने दादीला विचारले. अम्मी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुझ्या वहीत राहू दे. सरांच्या कागदावर फक्त दागिने गहाण टाकले एवढे लिही, कुणाचे ते लिहू नको.”