लिनन चुरगळतं, पण टिकतं

लिननचा शर्ट घालून तासभर खुर्चीत बसलं, की कोपराच्या आतल्या बाजूला आणि पाठीवर चुण्या पडतात. एवढे पैसे मोजून कापड हलकं निघालं, असं अनेकांना वाटतं. खरं तर लिनन ज्या गुणामुळे टिकतं, त्याच गुणामुळे ते चुरगळतं.

हे कापड जवसाच्या खोडातल्या तंतूंपासून बनतं. आपल्या विदर्भात चटणी-तेलासाठी होतो तो जवस बुटका. कापडासाठीचा जवस उंच, सरळसोट वाढतो आणि मुख्यतः फ्रान्स-बेल्जियममध्ये पिकतो. बारीक खोड वाऱ्यात उभं ठेवायचं, हे या तंतूंचं काम. म्हणून त्यांच्यातले सेल्युलोजचे रेणू लांबीच्या दिशेने दाटीवाटीने बसलेले असतात. असा तंतू ओढीला दणकट असतो, पण ताणला जात नाही. कापसाचा तंतू तुटण्याआधी साधारण सात टक्के ताणला जातो, जवसाचा जेमतेम तीन. त्यामुळे एकदा वाकला की तो आपणहून सरळ होत नाही. त्यात घामाचा ओलावा लागला, की रेणूंमधले कच्चे बंध सुटतात आणि वाळताना वाकलेल्या जागीच पुन्हा जुळतात. चुणी पक्की होते ती अशी.

मऊपणाचं कारण वेगळं आहे. एकेक तंतू असतो फक्त दोन ते पाच सेंटिमीटरचा. पेक्टिन नावाचा नैसर्गिक डिंक असे अनेक तंतू चिकटवून त्यांच्या लांब जुड्या बनवतो. खोड कुजवून तंतू सोडवताना बराचसा डिंक जातो, थोडा उरतो. नवं लिनन कडक लागतं ते या डिंकामुळे आणि कारखान्यातल्या खळीमुळे. प्रत्येक धुण्यात खळ निघते, डिंक सैल होतो, जाड जुड्या उकलून बारीक होतात आणि सूत सहज वळू लागतं. जवसाचा तंतू ओला असताना आणखी मजबूत होतो, म्हणून धुण्याने कापड मऊ होतं, पण लवकर विरत नाही.

इजिप्तमधल्या तारखान इथे सापडलेला लिननचा अंगरखा पाच हजारांहून अधिक वर्षांचा आहे. लंडनच्या पेट्री संग्रहालयातल्या या वस्त्रावर कोपराशी आणि काखेत वापराच्या चुण्या आजही दिसतात.

लिननला धोका असतो तो घडीचा. एकाच रेषेवर पुन्हापुन्हा कडक इस्त्री फिरली, की तिथले तंतू मोडतात. शर्टाची कॉलर उजेडासमोर धरून पाहा; घडीची कड पांढुरकी, विरळ दिसली, तर कापड तिथेच फाटणार. म्हणून कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, ब्लीच टाळा. दमट असतानाच इस्त्री करा, पण घडीवर दाबू नका. दर वेळी घडीची जागा बदला, नाहीतर सरळ हँगरला लावा.