क्रिएटीनचं पाणी आणि मिठाचं पाणी

माझ्या मामाचं वय ५४. गेली सहा वर्षं बीपीची टेल्मिसार्टनची गोळी चालू आहे आणि डॉक्टरांनी मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलंय. जिममधल्या एका मुलाच्या सल्ल्यावरून त्याने क्रिएटीन सुरू केलं, ५ ग्रॅमचा एक चमचा दिवसातून चार वेळा. सातव्या दिवशी त्याचा फोन: "अरे, ७६.४ वरून ७७.६ झालं. जिममध्ये म्हणतात वॉटर रिटेन्शन आहे. म्हणजे मीठच साठतंय ना अंगात?"

प्रश्न अगदी योग्य आहे. 'वॉटर रिटेन्शन' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. जास्त मिठामुळे साठणारं पाणी पेशींच्या बाहेर, म्हणजे रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात साठतं. सोडियम मुख्यतः तिथेच असतं, आणि बीपीचा संबंध याच पाण्याशी आहे. क्रिएटीनमुळे वाढणारं पाणी मात्र स्नायूपेशीच्या आत जातं, असं पाठ्यपुस्तकात वाचायला मिळतं. हे कितपत खरं, ते हिशेब करून बघू.

आधी क्रिएटीन पेशीत कसं शिरतं ते पाहा. पेशीच्या पडद्यात त्याचा एक वाहक असतो आणि तो सोडियमच्या जोरावर चालतो. क्रिएटीनच्या एका रेणूसोबत सोडियमचे दोन आयन आत येतात. हे वाचलं की पहिली शंका मामाचीच येते: म्हणजे सोडियम साठणारच की!

आता आकडे घालू. साधारण ७० किलोच्या माणसाच्या शरीरात सुमारे १२० ग्रॅम क्रिएटीन असतं. लोडिंगने, म्हणजे रोज २० ग्रॅम पाच-सहा दिवस घेऊन, स्नायूंतला साठा साधारण २० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे २४ ग्रॅम धरा. रेणूभार १३१, म्हणून हे झाले सुमारे १८३ मिलिमोल. त्याच्या दुप्पट सोडियम, ३६६ मिलिमोल, आत आलं. ग्रॅममध्ये सुमारे ८.४, आणि मिठाच्या भाषेत २१ ग्रॅम. एवढं आतच राहिलं असतं तर स्नायूचं काम बंद पडलं असतं. ते राहत नाही, कारण सोडियम-पोटॅशियम पंप ते लगेच बाहेर टाकतो. आणि हे सोडियम मुळात शरीरातलंच, बाहेरून आलेलं नाही. बसचं तिकीट काढून आत शिरायचं आणि कंडक्टरने पैसे परत द्यायचे, तसं काहीसं. जमा बाजूला शून्य.

आत राहतं ते क्रिएटीन. ते १८३ मिलिमोल पाणी ओढून घेतात. शरीरातल्या द्रवांची ऑस्मोलॅलिटी सुमारे २९०, म्हणून १८३ भागिले २९०, म्हणजे ०.६३ लिटर. मामाच्या १.२ किलोपैकी निम्मं वजन इथे समजलं. उरलेलं?

इथे २००३ चा पॉवर्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास वाचायलाच हवा. त्यांनी शरीरातलं एकूण पाणी आणि पेशीबाहेरचं पाणी वेगवेगळं मोजलं. जड पाणी प्यायला दिलं की ते सगळीकडे पसरतं, त्यावरून एकूण पाणी कळतं. ब्रोमाइड बहुतांशी पेशीबाहेर राहतो, त्यावरून बाहेरचं. वजा केलं की आतलं. निष्कर्ष असा की एकूण पाणी वाढलं, पण आत-बाहेरचं प्रमाण बदललं नाही.

मी हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा 'बीपीची काळजी नाही' असं लिहून पुढे गेले होते. चूकच ती. प्रमाण तेच राहिलं याचा अर्थ थोडं पाणी बाहेरही वाढलं असू शकतं. 'सगळं पाणी पेशीत जातं' ही गोष्ट यातून सिद्ध होत नाही. समजा १ लिटर वाढलं आणि त्यातलं एक तृतीयांश बाहेर राहिलं. बाहेरच्या द्रवात लिटरमागे १४० मिलिमोल सोडियम, म्हणजे सुमारे ४६ मिलिमोल, साधारण १ ग्रॅम सोडियम, २.७ ग्रॅम मीठ. तेही एकदाच, रोज नाही. मिहिच आणि सहकाऱ्यांनी २००० साली तरुण स्त्री-पुरुषांना पाच दिवस रोज २० ग्रॅम देऊन बीपी मोजला होता. वजन वाढलं, बीपी बदलला नाही. हिशेबाशी हे जुळतं.

पण ते सगळे निरोगी होते. ज्याची किडनी जास्तीचं सोडियम सहज बाहेर टाकते, त्याच्यात एक ग्रॅमचा फरक दिसणारच नाही. हार्ट फेल्युअर असलेल्या, किंवा किडनी अधू असलेल्या माणसाबद्दल या अभ्यासातून उत्तर काढता येत नाही. शिवाय तिथे दुसरी पंचाईत होते. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला रोज वजन करायला सांगतात, आणि तीन दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं तर लगेच कळवायला. लोडिंगने किलोभर वाढ आपोआप होते. म्हणजे धोक्याची घंटा क्रिएटीनमुळे वाजली की खरंच पाणी साठलं, हे ओळखता येईना. अशा माणसाने डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये, याचं हे एक साधं कारण.

रक्ताच्या रिपोर्टमध्येही असाच गोंधळ होतो. क्रिएटीन मोडून क्रिएटिनिन बनतं. साठा २० टक्क्यांनी वाढला तर क्रिएटिनिनही त्या प्रमाणात जास्त बनतं, आणि १.० असलेला आकडा, किडनीला काही न होता, १.२ कडे सरकू शकतो. टेल्मिसार्टननेही तो थोडा वाढू शकतो. दोन्ही कारणं एकाच रिपोर्टमध्ये आली तर वेगळी कशी करणार? म्हणून सुरू करण्याआधीचा रिपोर्ट हवा, आणि शंका आली तर सिस्टॅटिन-सी ही तपासणी, जी क्रिएटीनवर अवलंबून नाही.

मामाकडे मात्र खरा घोटाळा डब्यावरच निघाला. मी फोटो मागवला. शुद्ध क्रिएटीन मोनोहायड्रेटमध्ये सोडियम नसतं. हे फसफसणारं, लिंबाच्या चवीचं निघालं. फेस येतो तो सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्यामुळे, आणि खाण्याच्या सोड्याच्या वजनाचा २७ टक्के भाग सोडियम असतो. लेबलवर एका चमच्याला १८० मिलिग्रॅम सोडियम. दिवसाला चार चमचे, ७२० मिलिग्रॅम. अडीचने गुणा: १.८ ग्रॅम मीठ. पाच ग्रॅमच्या मर्यादेतलं तिसऱ्या हिश्शाहून जास्त, आणि हे रोज. क्रिएटीनच्या रेणूवर आपण इतका विचार केला, आणि मीठ येत होतं ते फेसातून!

"पण खारट लागत नाही रे," असं नाही, "खारट लागत नाही गं," मामा म्हणाला. (भाच्यांना तो एकाच सुरात हाक मारतो.) खारट चव मुख्यतः सोडियम क्लोराइडची. सोड्यातलं सोडियम तितकं खारट लागत नाही, पण लेबलवर ते मोजलं जातंच.

मामाच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, मग परवानगी दिली: साधं मोनोहायड्रेट, रोज ३ ग्रॅम, लोडिंग नाही. १९९६ च्या हल्टमनच्या अभ्यासात रोज ३ ग्रॅम २८ दिवस घेतल्यावर स्नायूतला साठा लोडिंगइतकाच वाढला होता. वजन वाढलंच तर हळूहळू वाढतं, एका आठवड्यात उडी नाही. आता तो सकाळी उठल्यावर, नाश्त्याआधी, वजन आणि बीपी एकाच वहीत लिहितो, आणि डबा बदलला त्या तारखेला लाल शाईची खूण आहे.