विरोधाचीही नोंद हवी

गृहनिर्माण संस्थेच्या सभेत दुरुस्तीच्या वर्गणीवर दोन-अडीच तास चर्चा होते, आवाज चढतात, कोणी उठून निघून जाते. महिन्याभराने इतिवृत्त हाती येते तेव्हा त्यात एकच ओळ असते, ‘चर्चेअंती विषय सर्वानुमते मंजूर.’ ज्यांनी हरकत घेतली होती, ते ही ओळ वाचून दुखावतात आणि वर्गणी द्यायची थांबवतात. वसुलीची अनेक भांडणे रकमेपेक्षा या ओळीवरून पेटतात. हरकत घेणाऱ्याचे म्हणणे कागदावर नीट आलेले असेल, तर निर्णय विरोधात गेला तरी तो पैसे भरतो, असे माझे ठाम मत आहे.

हिशेब समजावा म्हणून एक इमारत डोळ्यांसमोर आणू. डोंबिवलीत, तीस वर्षे जुनी, २४ सदनिकांची. १२ सदनिका ४५० चौरस फुटांच्या आणि १२ सदनिका ६५० चौरस फुटांच्या, म्हणजे एकूण क्षेत्रफळ १३,२०० चौरस फूट. संरचनात्मक तपासणीत गच्चीची गळती, बाहेरच्या गिलाव्याला तडे आणि काही खांबांतल्या सळ्यांना गंज आढळला. करासह अंदाजपत्रक आले २१,१२,००० रुपयांचे. दुरुस्ती निधीत ५,२८,००० रुपये शिल्लक होते. ते वजा जाता १५,८४,००० रुपये सभासदांकडून उभे करायचे.

यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण पाच दिवस आधी द्यावी लागते. वर्गणीचा विषय नोटिशीत स्पष्ट लिहिलेला असला पाहिजे. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात तो घुसवला, तर पुढचे सगळेच इतिवृत्त लंगडे पडते. गणपूर्तीसाठी एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २० यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. आपल्या इमारतीत ती १६ होते. समजा, १७ जण आले.

पहिला प्रश्न वाटपाचा. लिफ्टचा खर्च, चौकीदाराचा पगार यांसारख्या गोष्टी सगळ्यांना सारख्याच लागू होतात. मोठ्या दुरुस्तीचे तसे नाही. आदर्श उपविधींप्रमाणे तिची वर्गणी सर्वसाधारण सभेने क्षेत्रफळावर ठरवायची असते. १५,८४,००० भागिले १३,२००, म्हणजे दर चौरस फुटाला १२० रुपये. लहान सदनिकेला ५४,००० आणि मोठ्या सदनिकेला ७८,०००. समान वाटले असते, तर प्रत्येकाला ६६,००० आले असते. वादाचे मूळ या १२,००० रुपयांच्या फरकात आहे, म्हणून तो आकडा इतिवृत्तात उघड दिसला पाहिजे. नुसते ‘क्षेत्रफळानुसार वर्गणी आकारावी’ एवढे लिहिले की घरी बसलेल्या सभासदाला आपल्या वाट्याचे काहीच कळत नाही, आणि सभेला न आलेल्यांवरही हा ठराव बंधनकारक असतो.

आता हरकती. मोठ्या सदनिकेचे सभासद म्हणतात, ‘गच्ची सगळ्यांची, मग आम्हीच जास्त का द्यायचे?’ सभेत हे वाक्य रागाने येईल, त्याच्या मागेपुढे आणखीही काही बोलले जाईल. चिटणिसाने राग गाळायचा आणि मुद्दा ठेवायचा. नोंद अशी होईल:

‘सदनिका क्र. २०३ च्या सभासदांनी वर्गणी सर्व सदनिकांना समान असावी, असे मत मांडले. गच्चीचा वापर सर्वांना सारखा असल्याचे कारण त्यांनी दिले. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी उपविधींनुसार क्षेत्रफळावर आकारायची असल्याचे अध्यक्षांनी सांगितले. सदर सभासदांनी आपला विरोध नोंदवण्याची विनंती केली, त्यानुसार तो नोंदवण्यात आला.’

हरकत, तिचे कारण, दिलेले उत्तर आणि शेवटी काय झाले, एवढे आले की पुरे. ‘गोंधळ घातला’, ‘विनाकारण वाद काढला’, ‘समजावूनही ऐकले नाही’ ही वाक्ये म्हणजे लिहिणाऱ्याचा निवाडा झाला. उद्या प्रकरण उपनिबंधकांपुढे गेले, तर अशी वाक्ये समितीच्याच आकसाचा पुरावा ठरू शकतात. सभासदाचे नाव टाळून सदनिका क्रमांक लिहिला, तर कागदावरचा वाद माणसापासून थोडा दूर राहतो.

तळमजल्यावरचे सभासद विचारतात, ‘गळती वरच्या मजल्याला, मग आमच्याकडून पैसे का?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक इमारतीत येतो. गच्ची सामाईक आहे, तिच्यातून होणारी पावसाची गळती थांबवणे ही संस्थेची जबाबदारी आहे. त्या गळतीने वरच्या मजल्याच्या छताचा गिलावा खराब झाला असेल, तर तोही संस्थेनेच करून द्यायचा असतो. मात्र एखाद्याच्या न्हाणीघरातून खालच्या घरात पाणी झिरपत असेल, तर तो खर्च सामाईक खात्यात धरायचा नाही. उत्तराचा हा दुसरा भागही इतिवृत्तात लिहावा. आपल्याकडून कशासाठी पैसे घेतले जाणार नाहीत, हे वाचले की तळमजल्याच्या सभासदांची निम्मी शंका मिटते.

तिसरी गोष्ट हरकत म्हणून येत नाही, अडचण म्हणून येते. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या सभासदाला एकरकमी ५४,००० जड जातात. इथे शब्द फार जपून वापरायला हवेत. ‘आर्थिक परिस्थिती बेताची असल्याने’ असे लिहून ते २४ घरांत वाटायचे नसते. ‘वर्गणी हप्त्यांत घ्यावी, अशी सूचना आली; ती सर्वांसाठी मान्य करण्यात आली’ एवढेच लिहावे. सहा हप्ते केले, तर लहान सदनिकेला महिना ९,००० आणि मोठीला १३,००० येतात.

आणखी एक जागा बहुतेक इतिवृत्तांत कोरी राहते. बाहेरून हातोडीने ठोकून पोकळ आवाज आला की गिलावा सुटल्याचे कळते, पण आतली सळी किती गंजली आहे, ते गिलावा फोडल्याशिवाय दिसत नाही. म्हणून खांबांच्या दुरुस्तीचे बिल प्रत्यक्ष मोजमापावर निघते आणि अंदाजपत्रकाच्या पुढे जाऊ शकते. वाढीव खर्च किती मर्यादेपर्यंत समितीने करायचा आणि त्यापुढे पुन्हा सभेकडे यायचे, हे ठरावातच लिहिले नसेल, तर कामाच्या मध्यावर नवी वर्गणी मागावी लागते आणि विश्वास तिथेच तुटतो.

शेवटी ठराव. सूचक, अनुमोदक, एकूण रक्कम, दर, दोन्ही सदनिकांची रक्कम, हप्त्यांच्या तारखा, वाढीव खर्चाची मर्यादा आणि मतदान: ‘बाजूने १३, विरोधात ३, तटस्थ १. ठराव बहुमताने मंजूर.’ तीन मते विरोधात असताना ‘सर्वानुमते’ लिहिणे ही चुकीची नोंद आहे, आणि बहुमताने झालेला ठराव त्यामुळे तसूभरही कमी ठरत नाही.

इतिवृत्ताचा मसुदा समितीने सभेपासून तीन महिन्यांच्या आत तयार करायचा आणि समितीच्या त्या बैठकीनंतर पंधरा दिवसांत सर्वांना पाठवायचा असतो. तो मिळाल्यावर सभासदांना आपले म्हणणे कळवायला पंधरा दिवस मिळतात. त्याचा विचार करून समिती अंतिम इतिवृत्त वहीत नोंदवते. तुमच्या संस्थेचा मसुदा आला की तो कपाटात ठेवू नका. तुमची हरकत त्यात आहे का, आकडे जुळतात का, ते पाहा आणि काही राहिले असेल तर त्याच मुदतीत चिटणिसांना लेखी कळवून पोच घ्या.