तूरडाळीची पिशवी : गिऱ्हाइकाने प्रथम काय वाचावे

अकोल्याच्या डाळगिरण्यांतील माल घाऊक बाजारात पोत्यांनी जातो, तेव्हा पोत्यावर काय लिहिले आहे हे कोणी पाहत नाही. व्यापारी मूठभर डाळ हातावर घेतो, 'फटका' किंवा 'सव्वा नंबर' म्हणतो आणि भाव सांगतो. परंतु अलीकडे अकोला व अमरावती या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या कंपन्या आपलीच तूर भरडून किलोच्या पिशव्यांत विकू लागल्या आहेत, व तेथे पारखणाऱ्या व्यापाऱ्याच्या जागी गिऱ्हाईक येते. दुकानातील फळीवर दहा-वीस पिशव्या शेजारी शेजारी उभ्या असतात. गिऱ्हाईक त्या सहा-सात फुटांवरून दोन-तीन क्षण पाहते, व तेवढ्यातच हात कोणत्या पिशवीकडे जावयाचा हे ठरून जाते.

या क्षणांत तीनच गोष्टी वाचल्या जाऊ शकतात, असे धरून चालावे : मालाचे नाव, त्याविषयीचे एक वचन आणि एक उपयुक्त तपशील. आमच्या पाहण्यात येणाऱ्या पुष्कळ पिशव्यांवर मात्र सर्वांत मोठ्या अक्षरांत संस्थेचे आठ-नऊ शब्दांचे नाव, त्याखाली बैलजोडी, व कोठेतरी कोपऱ्यात 'तूरडाळ' असते. संस्थेच्या नावाचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु गिऱ्हाईक डाळ घ्यावयास आलेले असते.

किलोची एक पिशवी घेऊन मांडणी करून पाहू. तिची रुंदी सुमारे १८ सेंटिमीटर असली, तरी भरल्यावर ती फुगते व दोन्ही कडा मागे वळतात. समोरून सरळ दिसणारा भाग बारा-तेरा सेंटिमीटरच उरतो. खालचा थोडा भाग फळीच्या काठाआड जातो. यास्तव नाव वरच्या तिसऱ्या भागात, मध्यावर असावे. अक्षर केवढे? डोळे तपासण्याच्या तक्त्यावरील जे अक्षर निरोगी दृष्टीस ६ मीटरांवरून जेमतेम ओळखता येते, ते सुमारे ९ मिलिमीटर उंच असते. म्हणजे २ मीटरांवर ३ मिलिमीटर. हे झाले निरखून ओळखणे. चालता चालता वाचता यावे म्हणून आम्ही त्याची सहापट, म्हणजे १८ मिलिमीटर धरतो. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजावी. 'तू'चा उकार खाली लोंबतो, तो तीत धरू नये, पण त्यास जागा मात्र सोडावी. 'तूरडाळ' हा शब्द या मापाने दिसणाऱ्या भागात सहज बसतो. अक्षर अति ठेंगणे किंवा दाबलेले घेतल्यास छपाईची शाई पसरून 'ळ'ची पोकळी बुजते.

आता वचन. आमच्या मते खरी मेख येथे आहे. पॉलिश केलेली डाळ चकाकते. बिनपॉलिश डाळ मंद दिसते. शेतकऱ्यांच्या पिशवीवर पारदर्शक खिडकी ठेवण्याची हौस असते, आणि तीच खिडकी चकाकणाऱ्या मालाशेजारी घात करते : गिऱ्हाइकास आपली डाळ जुनी वाटते. उपाय खिडकी काढून टाकण्याचा नव्हे. 'बिनपॉलिश' हा शब्द खिडकीच्या अगदी वर, नऊ-दहा मिलिमीटरांच्या अक्षरांत छापावा, म्हणजे मंद रंग दिसताच त्याचे कारणही दिसते. खिडकीवर मात्र अक्षर छापू नये. पिवळ्या दाण्यांवर ते हरवते. 'सेंद्रिय' हा शब्द तर प्रमाणपत्र नसता वापरूच नये.

तपशील म्हणून आम्ही हंगाम निवडू : 'पीक हंगाम २०२५-२६'. फार दिवस साठवलेली तूर शिजावयास वेळ घेते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. हा आकडा दरवर्षी बदलतो, म्हणून छापताना पांढरी चौकट रिकामी ठेवून त्यात शिक्का मारावा. पिशवी भरल्याचा महिना निराळा असतो, तो येथे घालू नये. निव्वळ वजन, किंमत, पत्ता, परवाना क्रमांक यांची जागा व अक्षरांची किमान उंची नियमांनी ठरवून दिलेली आहे. तेवढे पाळून हा मजकूर एकत्र व शांत रंगात ठेवावा.

छपाईचा साचा बनण्यापूर्वी कागदावरील नमुना पिशवीवर चिकटवून इतर पिशव्यांच्या रांगेत ठेवावा. संस्थेशी संबंध नसलेल्या दहा जणांना एकेक करून दोन मीटरांवर उभे करावे, तीन मोजेपर्यंत दाखवून झाकावे व काय होते ते विचारावे. 'पिवळी पिशवी होती' असे उत्तर आले, तर नाव लहान आहे किंवा रंगात बुडाले आहे. 'तूरडाळ' आले आणि 'बिनपॉलिश' आले नाही, तर बहुधा शेजारचे चित्र त्यास गिळत आहे. चित्र लहान करून पुन्हा दुसरे दहा जण घ्यावे, कारण पहिल्यांना उत्तर ठाऊक झालेले असते. आणि भरडणावळ देऊन दुसऱ्याच्या गिरणीत डाळ करावयाची असल्यास, आपला माल पॉलिशच्या यंत्रातून जाऊ नये म्हणून आपला एक माणूस तेथे उभा ठेवावा.