करमचंदच्या चाहत्यांचं स्वागत करताना

१९८५ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘करमचंद’च्या चाहत्यांचा मेळावा असेल, तर अध्यक्षांना गुप्तहेराची ओळख करून द्यावी लागत नाही. पंकज कपूरचा काळा चष्मा आणि हातातलं गाजर समोरच्यांना पाठ असतं. अशा सभेत मालिकेचा इतिहास सांगणारं भाषण हमखास पडतं. (अध्यक्षांना नेमकं तेच सांगायचं असतं, हा भाग वेगळा!)

त्यापेक्षा अर्धं वाक्य सोडून द्यावं. किटी झालेल्या सुष्मिता मुखर्जीचं कौतुकाचं वाक्य म्हणून अध्यक्षांनी थांबावं. ‘शट अप, किटी!’ सभागृहच म्हणतं. स्वागत तिथेच झालेलं असतं.

जपायचं ते दोन ठिकाणी. २००७मध्ये मालिका नव्याने आली तेव्हा किटी होती सुचेता खन्ना. तरुण सभासदांची करमचंदशी ओळख तिथली असू शकते, म्हणून ‘खरी मालिका जुनीच’ हा टोमणा टाळावा. शिवाय सभासदांबरोबर मालिका न पाहिलेली घरची माणसंही येतात. संध्याकाळी जो भाग दाखवणार, त्यातला खुनी भाषणात सांगितलेल्या अध्यक्षांना पुढच्या वर्षी माइक देऊ नये.