गिऱ्हाईक, पेशंट आणि अशील

सकाळी दुकान उघडून तास झाला तरी पहिली विक्री होत नाही, तेव्हा दुकानदार म्हणतो, "अजून भवानी झाली नाही." मग पायरीवर कुणाची तरी सावली पडते आणि गल्ल्यावरचा माणूस आतल्या पोऱ्याला हाक मारतो, "अरे बघ, गिऱ्हाईक आलंय." गिऱ्हाईक आलं, गिऱ्हाईक तुटलं, गिऱ्हाईक बांधलेलं आहे. बाई असो की बाप्या, हा शब्द नपुंसकलिंगी चालतो. पण तेच दुकान दिवाळीला भिंतीवरचं कॅलेंडर छापून घेतं, तेव्हा त्यावर "आमचे सर्व ग्राहक व हितचिंतक" असं येतं. तोंडी गिऱ्हाईक, छापील ग्राहक. दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'घेणे' या अर्थाचा एकच संस्कृत धातू आहे.

खरेदी करणाऱ्याला हे दोन्ही शब्द चालतात, पण ते सगळीकडे चालत नाहीत. डॉक्टर आपल्या पेशंटला गिऱ्हाईक म्हणाले तर ती शिवी वाटेल. वकिलाच्या नोटिशीत "माझे ग्राहक" असं कुणी लिहीत नाही, तिथे "माझे अशील" किंवा "माझे पक्षकार" लिहितात. मुंबईच्या मोठ्या सॉलिसिटर फर्ममध्ये दिवसभर 'क्लायंट' ऐकू येतं, मराठीत मसुदा करायची वेळ आली की तोच क्लायंट अशील होतो. आश्रयदाता हा शब्द वाचनालयांनी आणि नाट्यसंस्थांनी जपला आहे. आश्रयदाते सभासद मोठी देणगी देतात, पण त्या देणगीच्या बदल्यात वस्तू मोजून घेत नाहीत. दुकानात त्याला जागा नाही.

बोलण्यातले हे भेद कुणी शिकवावे लागत नाहीत. अडचण येते ती कायद्याच्या दारात. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला आणि त्याच्या जागी २०१९चा नवा कायदा आला. त्यात 'ग्राहक' या शब्दाची व्याख्या आहे आणि ती बोलीतल्या अर्थाशी जुळत नाही. काही ठिकाणी ती अरुंद आहे, काही ठिकाणी फार रुंद.

आधी दुकान घेऊ. किराणा दुकानदार मार्केट यार्डातून साखरेची पोती उचलतो. तिथल्या व्यापाऱ्याचं तो वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक असतो, पण कायद्याने तो ग्राहक नाही, कारण त्याने माल पुन्हा विकायला घेतला आहे. साखर ओली निघाली तर त्याला दिवाणी न्यायालयात जावं लागेल, ग्राहक आयोगात नाही. त्याच्या दुकानातून दोन किलो साखर नेणारी बाई मात्र ग्राहक आहे, आणि तिच्या संमतीने त्या साखरेचा चहा पिणारी सासूसुद्धा ग्राहक आहे, तिने एक पैसा दिलेला नसला तरी. हिंदीत या कायद्याला 'उपभोक्ता संरक्षण' म्हणतात, तिथे वापरणारा नावातच दिसतो. मराठीत उपभोक्ता म्हटलं की सुखं उपभोगणारा डोळ्यांपुढे येतो, म्हणून मराठीने ग्राहक निवडला आणि 'घेणारा' या शब्दात 'वापरणारा'ही सामावून घेतला. एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. एखादीने केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी पिठाची गिरणी विकत घेतली आणि ती स्वतः चालवली, तर धंद्यासाठी घेऊनही ती ग्राहकच राहते.

दवाखान्यातला प्रश्न जास्त नाजूक होता. पेशंट ग्राहक आहे का? डॉक्टरांच्या संघटनेचं म्हणणं होतं की नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५मध्ये 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या खटल्यात त्याचा निकाल लावला आणि रुग्णालयांचे तीन गट केले. जिथे सगळ्यांवर फुकट उपचार होतात, तिथला रुग्ण ग्राहक नाही. केसपेपरचे नाममात्र पैसे घेतले तरी त्याने फरक पडत नाही. जिथे सगळे पैसे मोजतात, तिथले सगळे ग्राहक. आणि जिथे काही पैसे देतात व काहींना माफ असतं, तिथे फुकट उपचार घेणाराही ग्राहक.

या तिसऱ्या गटाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. अशा रुग्णालयातल्या मोफत खाटेवर असलेल्या माणसाच्या शस्त्रक्रियेत हलगर्जीपणा झाला, तर "तुम्ही पैसेच दिले नाहीत, तुम्ही ग्राहक कसले?" असं रुग्णालयाला म्हणता येत नाही. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाने भरलेल्या बिलावर त्याचाही हक्क उभा राहतो. हा निकालाचा सर्वांत माणुसकीचा भाग आहे, आणि ज्यांच्यासाठी तो आहे त्यांच्यापर्यंतच तो पोचलेला नाही.

आता वकील. दिल्लीतल्या एका गृहस्थांना मिळालेला वीस हजारांचा चेक वटला नाही. त्यांनी वकील करून फौजदारी तक्रार दाखल केली. समोरचा माणूस वीस हजार आणि वर खर्चाचे पाच हजार द्यायला तयार झाला. गृहस्थांच्या म्हणण्यानुसार ही रक्कम वकिलाच्या हाती आली, पण त्याने ती लगेच दिली नाही, उलट पाच हजार आपल्या फीचे म्हणून दावा लावला. पुढे कागद त्यांना मिळाले, तरी पाच हजारांच्या चेकचे पैसे वकिलाच्या सांगण्यावरून थांबवले गेले. गृहस्थ ग्राहक मंचात गेले. जिल्हा मंचाने त्यांचं ऐकलं, राज्य आयोगाने वकिलाची सेवा या कायद्यात बसत नाही असं सांगितलं आणि २००७ साली राष्ट्रीय आयोगाने ती बसते असा निर्णय दिला. वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि १४ मे २०२४ रोजी निकाल लागला: वकिलाचा अशील हा ग्राहक नाही.

निकालाचं एक कारण असं, की वकिली हा व्यवसाय धंद्यासारखा मोजता येत नाही. दुसरं कारण अधिक विचार करायला लावणारं आहे. वकील अशिलाच्या वतीने उभा राहतो. अशिलाने स्पष्ट सांगितल्याशिवाय त्याला तडजोड करता येत नाही, कबुली देता येत नाही. म्हणजे कामाची दोरी बऱ्याच अंशी अशिलाच्या हाती असते. असा करार वैयक्तिक सेवेचा ठरतो आणि तो ग्राहक कायद्याने आधीच वगळलेला आहे. पेशंटचं तसं नसतं, चिरा कुठे द्यायचा ते तो डॉक्टरांना सांगत नाही.

आपला जुना शब्द इथे विलक्षण नेमका निघतो. 'अशील' अरबी-फारसीतून आला आणि त्याचा अर्थ मूळ, अस्सल. कचेरीच्या भाषेत ही जोडी होती: अशील म्हणजे मूळ माणूस, वकील म्हणजे त्याच्या जागी बोलणारा. न्यायालयाला जे पानोपानी मांडावं लागलं, ते वकीलपत्रावर सही करणारा पक्षकार या एका शब्दातून पूर्वीपासून ऐकत आला होता.

तरीही त्या गृहस्थांची तक्रार खोटी ठरली असा याचा अर्थ नाही, फक्त दार बदललं. वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार १९६१च्या अधिवक्ता कायद्याखाली राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते, नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा लावता येतो. त्यात वेळ जास्त जातो आणि सामान्य माणसासाठी ही अडचण मोठी आहे.

याच निकालात न्यायमूर्तींनी १९९५चा डॉक्टरांविषयीचा निर्णयही पुन्हा तपासावा असं सुचवलं होतं. काही महिने वैद्यकीय वर्तुळात त्याची चर्चा राहिली. मग २०२४ संपण्याआधीच मोठ्या खंडपीठाने तशी गरज नसल्याचं सांगितलं. त्यामुळे केसपेपरवर आजही 'रुग्णाचे नाव' छापलं जातं, आणि तोच माणूस जिल्हा ग्राहक आयोगाच्या पायऱ्या चढला की त्याच्या अर्जात स्वतःला ग्राहक म्हणवून घेऊ शकतो.